हाताच्या पाठीवरचं अत्तर

चैत्रातली दुपार कलली आहे. बरकतपुऱ्यातल्या एखाद्या मराठी घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे असं मनात आणा. आंबेडाळ, पन्हं झालं. आता तुमच्या हाताच्या पाठीवर अत्तर लावलं जातं. हात सावकाश नाकाशी न्या.

आधी येतो तो हलका, तरतरीत वास. त्याचे रेणू लवकर उडणारे असतात आणि हैदराबादच्या एप्रिलमध्ये गरम त्वचा त्यांना आणखी घाई करते. थोडं थांबा. मागे उरतो तो जड गंध, चंदनाचा, वाळ्याचा. उष्म्यात सुगंध जास्त दरवळतो तो असा, लवकर खर्च होऊन.

आता त्या ओलसर ठिपक्याकडे बघा आणि दाराबाहेरचं ऊन आठवा. काही सुगंधांत बर्गामोट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं, पिळून काढलेलं तेल असतं. त्यात बर्गाप्टेन असतं. ते त्वचेवर असताना ऊन पडलं, की अतिनील किरणांतला ‘ए’ भाग त्याला चेतवतो आणि त्वचा भाजल्यासारखी होते. लालसरपणा दिसायला एकदोन दिवस लागतात, सावळ्या कातडीवर तो कळतही नाही. नंतर उमटतो तपकिरी डाग, जिथून थेंब ओघळला नेमका त्याच वाटेने. मानेवरचा असा उभा ओघळ महिनोन्‌महिने राहतो. अत्तराशी त्याचा संबंध कुणाला सुचत नाही, कारण तोवर वास केव्हाच गेलेला असतो.

भट्टीवर वाफेने काढलेल्या वाळ्याच्या किंवा मोगऱ्याच्या अत्तरात हे द्रव्य नसतं. ते वाफेबरोबर वर चढत नाही. पण सुट्या बाटलीत काय मिसळलंय, हे नाकाला ओळखता येत नाही. म्हणून मी सगळ्याच अत्तरांना उन्हापासून दूर ठेवते.

वरून सनस्क्रीन लावलं तर? बोटं फिरवून पाहा. खाली तेलकट अत्तर असेल तर मलमाचा थर घसरतो, कुठे जाड, कुठे विरळ बसतो, आणि विरळ जागेतून ऊन आत जातं. थर चांगला बसला तरी ‘ए’ किरण थोडे पोचतातच. म्हणून स्वच्छ, कोरड्या त्वचेवर आधी सनस्क्रीन. चेहरा-मानेला दोन बोटांवर भरेल एवढं, निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं. सुगंधाचा फवारा नंतरही त्यावर मारू नका, त्यातलं अल्कोहोल बसलेला थर विस्कटतं.

मग अत्तर कुठे? पदराच्या आतल्या बाजूला किंवा अस्तराला, जिथे डाग दिसणार नाही. कापडावर ते त्वचेपेक्षा सावकाश उडतं. हळदीकुंकवाला मात्र हात पुढे करायचाच. नाही म्हणणं बरं दिसत नाही. सूर्य मावळल्यावर निघणार असाल तर तसंच राहू द्या. आधी निघायचं असेल, तर उठताना साबणाने हात धुवा आणि हाताच्या पाठीवर पदर घ्या.