दिवस मानणारा आणि दिवस न मानणारा

वचने : उत्पत्ति ४०.२०-२३, रोमकरांस पत्र १४.५, ६, १५

पवित्र शास्त्रात वाढदिवसाचा स्पष्ट उल्लेख फार थोड्या ठिकाणी आहे, आणि जो आहे तो आनंदाचा नाही. एक वाढदिवस मिसराच्या फारोचा. त्या दिवशी मेजवानी झाली, एका चाकरास त्याची जागा परत मिळाली आणि दुसऱ्यास फाशी झाली. दुसरा वाढदिवस हेरोद राजाचा. त्या दिवशीच्या भोजनातच बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर तबकात घालून आणले गेले. तेव्हा वाढदिवस पाळावा अशी आज्ञा शास्त्रात शोधू जाणाऱ्यास ती मिळणार नाही. परंतु फारोच्या वाढदिवसाची गोष्ट जेथे संपते तेथे एक लहानसे वाक्य आहे, आणि आज आम्हांस त्याविषयी बोलावयाचे आहे. प्यालेबरदारास आपली जागा मिळाली आणि तो योसेफाला विसरला. राजाचा दिवस सर्वांस ठाऊक होता; तुरुंगात ज्याने धीर दिला तो मनुष्य मात्र कोणाच्या ध्यानात राहिला नाही.

हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे. वाढवण, डहाणू व तलासरी या भागांतील घरांत हे गाऱ्हाणे आता वारंवार ऐकू येते. "त्यांना लग्नाचा दिवस आठवत नाही," "पोरीचा वाढदिवस गेला, बापाने विचारलेही नाही," असे भगिनी उपदेशकास सांगतात. त्यावर "आपल्यात कुठे असले दिवस पाळतात?" असे पुरुष म्हणतात. दोघांच्याही बोलण्यात काही खरे असते. म्हणून लगेच एकाच्या बाजूने निवाडा देणाऱ्या उपदेशकाचा निवाडा सहसा चुकतो.

पुरुषांच्या बोलण्यात खरे काय आहे ते आधी पाहू. आमच्या पाड्यांतील पुष्कळ वडीलधाऱ्यांच्या कागदावर जन्मतारीख १ जून अशी आहे. ती त्यांची खरी जन्मतारीख नव्हे. शाळा जूनमध्ये भरे, आईबापांस तारीख सांगता येत नसे, म्हणून गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. ज्याचा स्वतःचा जन्मदिवस गुरुजींनी ठरवला, त्याने दुसऱ्याच्या जन्मदिवसाचे अगत्य कोठून शिकावे? लग्नाचेही तसेच. वारली समाजात ऐपत नसल्यामुळे पुष्कळ जोडपी आधी संसार मांडतात, आणि धवलेरीला बोलावून रीतसर लग्न पुढे कधीतरी, कित्येकदा मुले झाल्यावर, लावतात. त्यानंतर प्रभूकडे आलेल्या जोडप्याचा विवाह मंडळीच्या नोंदवहीतही लिहिला जातो. आता त्यांचा लग्नाचा दिवस कोणता? बायको घरी आली तो, धवलेरीने लग्न लावले तो, की नोंदवहीत लिहिला आहे तो? नवरा एक धरतो, बायको दुसरा धरते, आणि आपण निरनिराळे दिवस धरून बसलो आहो हे दोघांनाही ठाऊक नसते.

किनाऱ्यावर याला आणखी एक कारण आहे. समुद्रावर जाणारा मनुष्य तारखेने चालत नाही. तो तिथीने चालतो. पुनवेस व अवसेस उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, आणि जाळे टाकणे, होडी काढणे हे सर्व त्यावर. त्याला आज अष्टमी आहे हे न विचारता समजते. आज फेब्रुवारीची ५ तारीख आहे हे विचारावे लागते.

अशाच एका घराची हकीकत सांगतो. नावगाव सांगण्याचे कारण नाही. नवरा तलासरीकडच्या पाड्यातला, नारळी पुनवेनंतर खलाशी म्हणून बोटीवर जाणारा, आणि मे महिन्याच्या अखेरीस घरी परतणारा. बायको बोर्डिंगात सातवीपर्यंत शिकलेली. त्यांचा विवाह मंदिरात फेब्रुवारीच्या ५ तारखेस झाला. नोंदवहीत तिने स्वतःच्या हाताने सही केली, त्याने अंगठा उठवला. सहा वर्षे गेली. सहाही वर्षे ५ फेब्रुवारीस ती संध्याकाळपर्यंत वाट पाही, आणि रात्री काही न बोलता दिवा मालवी. सातव्या वर्षी मात्र तिने उपदेशकापाशी मन मोकळे केले.

उपदेशक जुना मनुष्य. तो घरी आला तेव्हा नवरा सुट्टीवर होता. "दादा, तुमच्या लग्नाची तारीख कोणती?" असे त्याने विचारले. नवरा हसून म्हणाला, "तारीख कोण ध्यानात ठेवतो?" मग उपदेशकाने पुसले, "बोटीवाल्याकडून उचल कधी घेतली, किती घेतली?" याचे उत्तर तत्काळ आले, तारखेसकट, रुपयांसकट. तेव्हा उपदेशक इतकेच म्हणाला, "म्हणजे तारखा राहतात की ध्यानात!"

ही पहिली पारख. विसराळूपणा सगळीकडे सारखा आहे की एकाच ठिकाणी आहे, हे पाहावे. जो उचल विसरतो, बाजाराचा वार विसरतो, स्वतःचा कार्यक्रमही विसरतो, त्याचे डोकेच तसे आहे. त्यावर रुसण्यापेक्षा त्याला आठवण करून देणे बरे. परंतु ज्याला स्वतःच्या लाभाची प्रत्येक तारीख आठवते आणि बायकोचीच तेवढी आठवत नाही, त्याच्याविषयी विचार करावा लागतो. प्यालेबरदाराचे पाहा. पूर्ण दोन वर्षे तो योसेफाला विसरला, पण फारोला स्वप्न पडले आणि धन्याची गरज उभी राहिली तेव्हा सर्व काही आठवले. त्याची स्मरणशक्ती चांगली होती. योसेफाची मात्र त्याला गरज नव्हती.

तथापि आमच्या उपदेशकाने तेथेच निकाल दिला नाही, आणि हेच आम्हांस त्याचे शहाणपण वाटते. त्याने बायकोला बाजूस घेऊन विचारले, "बाय, हा घरी आल्यावर पहिल्या दिवशी काय करतो?" ती म्हणाली, "छपरावर चढतो. आल्या आल्या. जेवायलाही उतरत नाही." का, असे विचारता तिला प्रथम सांगता येईना, मग आठवले. पहिल्या पावसाळ्यात छप्पर गळले होते, आणि तान्हे मूल भिजून आजारी पडले होते. त्यानंतर एकही वर्ष त्याने छप्पर शाकारल्यावाचून पाऊस येऊ दिला नाही. त्याच्याजवळही एक दिवस जपलेला होता, परंतु तो नोंदवहीत नव्हता, आणि तिने तो कधी दिवस म्हणून मोजला नव्हता.

यालाच आम्ही निराळी दृष्टी म्हणतो. पौल रोमच्या मंडळीस हेच सांगतो की कोणी एक दिवस दुसऱ्याहून श्रेष्ठ मानतो, कोणी सर्व दिवस सारखे मानतो, आणि प्रत्येकाची आपल्या मनात खातरी असावी. छप्पर शाकारणाऱ्या नवऱ्याला प्रीती नाही असे म्हणणे अन्याय होईल. परंतु पौल तेथेच थांबत नाही. त्याच अध्यायात पुढे तो अन्नाविषयी लिहितो की तुझ्या खाण्याने तुझ्या भावाला दुःख होत असेल तर तू प्रीतीने चालत नाहीस. आपली मोकळीक दुसऱ्याच्या दुःखापाशी येऊन पोहोचली की तिचे रूप बदलते. दिवस न पाळण्याची मोकळीक तुला आहे. पण त्याने ती रडते हे कळल्यावर "आपल्यात पाळत नाहीत" हे उत्तर पुरे पडत नाही.

म्हणून सीमा कोठे आहे? आमच्या मते ती सांगण्यापाशी आहे. जोवर तिने स्पष्ट सांगितले नाही, तोवर त्याचे न आठवणे ही निराळी दृष्टी असू शकते. एकदा तिने शांतपणे, भांडणाच्या भरात नव्हे, "हा दिवस मला मोलाचा आहे, आणि तो रिकामा गेला की मला लागते," असे सांगितले, म्हणजे पुढचे विसरणे निव्वळ निष्काळजीपणा ठरू लागते. या बाईने सहा वर्षे सांगितलेच नव्हते. ती मनातल्या मनात परीक्षा घेत होती, आणि ज्याला आपली परीक्षा चालली आहे हेच ठाऊक नाही तो उत्तीर्ण कसा व्हावा? उपदेशकाने हे तिलाही सांगितले. पण नवऱ्यास त्याने याहून कडक शब्दांत सांगितले, कारण तिचे गाऱ्हाणे कानी येताच तो मित्रांदेखत हसला होता. न आठवण्याची क्षमा सोपी आहे. दुसऱ्याच्या मोलाच्या गोष्टीची थट्टा ही दृष्टी नव्हे, ती अवहेलना होय.

हे केवळ अडाण्यांच्या घरचे आहे असे कोणी समजू नये. रे. नारायण वामन टिळक यांच्यासारख्या भक्त कवीच्या घरीही हे होते. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. ते ज्यांनी वाचले आहे त्यांना ठाऊक आहे की टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, आणि घरी न सांगता ते कोठेही निघून जात. तरी बायकोने शिकावे, लिहावे याचा त्यांनी ध्यास घेतला. पण १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो तिच्या अपरोक्ष. हे विसरणे नव्हते. संसारातील सर्वांत मोठा दिवस त्यांनी एकट्याने ठरवला, आणि तिने जे सोसले ते त्यांच्या प्रीतीमुळे कमी झाले नाही. १९०० साली तिने स्वतः बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' तिनेच हाती घेऊन पुढे नेले. प्रीतीही खरी होती आणि जखमही खरी होती. लक्ष्मीबाईंनी दोन्ही लिहून ठेवल्या, एकीने दुसरी झाकली नाही.

एक इशारा येथेच द्यावा. ज्या घरी मार आहे, किंवा कमाई दारूत जाते, तेथे वाढदिवसाच्या विसराची चर्चा उपदेशकाने काढू नये. तेथील दुखणे निराळे आहे, आणि त्याला निराळी दृष्टी हे नाव देणे म्हणजे बाईला पुन्हा एकटे सोडणे आहे.

आता त्या खलाशाच्या घरी काय ठरले ते सांगतो. फेब्रुवारीत तो खोल समुद्रात असतो. तेथे फोन लागत नाही. तेव्हा ५ तारखेसच बोलणे झाले पाहिजे हा हट्ट तिने सोडला. होडी बंदरातून निघण्यापूर्वी त्याने फोन करावा, आणि हा फोन त्याच दिवसासाठी आहे असे तोंडाने म्हणावे, इतके ठरले. 'कशी आहेस' म्हणून ठेवून देणे पुरणार नव्हते. तारीख ध्यानात राहावी म्हणून उपदेशकाने त्याला ती उचलीच्या वहीतच पहिल्या पानावर लिहावयास लावली. ती वही तो कधी विसरत नाही. आणि बायकोने मे महिन्यात, तो छपरावर चढेल तेव्हा, खाली उभे राहून कौले हाती द्यावी, म्हणजे तो कोणता दिवस पाळीत आहे हे आपल्याला समजले असे त्याला कळेल.

उपदेशकांनी विवाहाची नोंद करताना आणखी एक प्रश्न विचारावा अशी आमची सूचना आहे. वधू आणि वर यांना निरनिराळे बसवून पुसावे की तुम्ही कोणता दिवस जपणार. मग दोघांना एकत्र बोलावून दोन्ही उत्तरे मोठ्याने वाचून दाखवावीत. पुष्कळदा ती जुळणार नाहीत. नोंदवहीवर सही होण्यापूर्वीच ते दोघांस कळलेले असावे.