उत्तर मिळतं, खात्री होत नाही

रांजणगाव एमआयडीसीत जिथे मोबाईल लॉकरमध्ये ठेवूनच आत जावं लागतं, तिथे नोकरी करणारी एक बाई धरू. ती शिरूरला खोली घेऊन राहते, नवरा दौंडला घरच्या दुकानात. शिफ्ट सुटल्यावर लॉकर उघडला की मिस्ड कॉलची रांग असते. शेवटचा मेसेज ठरलेला : ‘कंटाळलीस का मला?’

ती लगेच फोन करते, ‘नाही रे’ म्हणते. तो निवांत होतो, पण रात्रीपर्यंतच. मग : ‘मघाशी आवाज असा का होता?’ माहितीसाठी विचारलेला प्रश्न उत्तर मिळालं की संपतो. भीतीपोटी विचारलेला संपत नाही, उलट आधीच्या उत्तरातूनच नवा फुटतो. नुसत्या शब्दांवर भागेनासं होतं. मग फोटो लागतो, पुढे लाइव्ह लोकेशन. प्रत्येक खुलाशाने घटकाभर जीव भांड्यात पडतो, आणि बेचैनीवर विचारणं हाच उतारा, हे मनाला पक्कं पटत जातं. (असे नवरे कमी नसतात. रुसव्याचा मक्ता आपण उगाच बायकांना दिलाय.)

झीज तिकडे तिची होते. एके दिवशी बस चुकते आणि ती मैत्रिणीबरोबर चहाला थांबते. सांगितलं तर तासभर चौकशी, म्हणून सांगत नाही. चार दिवसांनी ते बोलण्यात निघतं आणि त्याच्या संशयाला पहिला खरा पुरावा मिळतो. तोही त्याच्याच चौकशीने तयार केलेला. ‘प्रेम आहे’ हे तर ती इतक्यांदा म्हणालेली असते की आता ते हजेरी लावल्यासारखं निघतं. त्यातला कोरडेपणा त्याला बरोबर ऐकू येतो.

जेम्स कॉइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1976मध्ये नैराश्याबद्दल लिहिताना हेच चक्र मांडलं होतं. माणूस धीर मागतो, जवळचे देतात, हळूहळू वैतागतात. तो वैताग त्याला जाणवतो आणि तो आणखी मागतो.

म्हणून जास्त उत्तरं देऊन हे थांबत नाही, आणि एकदम गप्प बसल्याने भडकतं. दोघं शांत असताना ठरवावं : रात्री एक फोन, मनापासून. तोच प्रश्न पुन्हा आला तर, ‘तुला भीती वाटतेय हे कळतंय, पण याचं उत्तर मी दिलंय.’ पहिले काही दिवस तो जास्तच विचारेल. विचारण्याआधी अर्धा तास थांबणं हा मात्र त्याचा अभ्यास, तिचा नव्हे. तेही जमत नसेल तर समुपदेशक गाठावा. टेलिमानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

पण मैत्रिणी तोडायला लावणं, पगाराचा हिशेब मागणं, धमकी देणं सुरू झालं असेल तर ती असुरक्षितता राहिलेली नसते. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक आणि आर्थिक छळही येतो.