वाचकाची क्षमा आणि यंत्राची मोजणी

शब्दाचे आद्य आणि अंत्य अक्षर जागेवर राहिले, तर मधल्या अक्षरांची उलथापालथ होऊनही माणूस तो शब्द वाचतो, हे विधान २००३ मध्ये ई-पत्रांतून जगभर पसरले. त्यामागचा मूळ अभ्यास ग्रॅहम रॉलिन्सन यांच्या नॉटिंगहॅम विद्यापीठातील १९७६च्या प्रबंधात आहे. अशा वाचनाचा वेग मंदावतो, हे पुढे २००६ मध्ये कीथ रेनर व सहकाऱ्यांनी दाखवले. वाचकाची क्षमा विनामूल्य नसते.

हे विधान मराठीला लावू पाहताच अक्षर कशाला म्हणावे, हा प्रश्न उभा राहतो. ‘ठाणे’ या नावात अक्षरे दोनच. मधले अक्षरच नाही. ‘कल्याण’मध्ये मधले अक्षर एकच, म्हणून अदलाबदल अशक्य. ‘डोंबिवली’त मात्र मधली अक्षरे दोन आहेत. त्यांची जागा बदलली की ‘डोंवबिली’ होते. मध्य रेल्वेच्या मार्गावरील प्रवासी ते किंचित अडखळून वाचतो आणि नेमक्या स्थानकावर उतरतो.

संगणक अक्षरे साठवत नाही. युनिकोडनुसार तो चिन्हे साठवतो. त्याच्या लेखी ‘ठाणे’ म्हणजे ठ, काना, ण, मात्रा अशी चार चिन्हे, तर ‘डोंबिवली’ म्हणजे आठ. दोन शब्दांतील अंतर तो बहुधा असे मोजतो : एकाचा दुसरा करण्यास किती चिन्हे घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात? ‘डोंवबिली’ची ‘डोंबिवली’ करताना एक ‘व’ गाळावा आणि एक घालावा लागतो; अंतर दोन. ‘ठाणे’चे ‘दाणे’ करण्यास एक बदल पुरतो. म्हणजे या हिशेबात बिघडलेली डोंबिवली स्वतःपासून जितकी दूर, त्याहून ठाणे दाण्यांच्या जवळ.

यावर उपाय सुचतो तो असा की, मोजणी अक्षरांची करावी आणि शेजारच्या अक्षरांची अदलाबदल ही एकच चूक धरावी. तसे केल्यास डोंबिवलीचे अंतर एकावर येते. परंतु ‘सविता’ आणि ‘सरिता’ यांच्यातील अंतरही एकच आहे. पहिल्या जोडीत एक गाव आहे. दुसरीत दोन स्त्रिया. मतदारयादीत एवढी सूट दिली, तर त्यांतील एक दुसरीत विरून जाईल. संख्या दोन्हीकडे सारखी असल्याने केवळ मोजणी हा भेद सांगू शकत नाही. मोठ्या लेखनसंचयावर शिकलेल्या आजच्या प्रणाली संदर्भाच्या बळावर पुष्कळदा डोंबिवली ओळखतात. पण त्यांचा कलही परिचिताकडेच असतो.

माणसाच्या क्षमेचीही हीच मर्यादा आहे. ‘डोंवबिली’ वाचता येते, कारण डोंबिवली आधीच ठाऊक असते. अनोळखी आडनाव पुढे आले की वाचक त्याला जवळच्या ओळखीच्या आडनावात सहज ओढतो आणि आपण चूक दुरुस्त केली असे समजतो. जी उदारता गावाच्या नावाला तारते, तीच परक्याचे नाव पुसते. यंत्राचा हट्ट त्या परक्या नावाला जसेच्या तसे राहू देतो. म्हणून गावाचे नाव सावरून वाचावे. माणसाचे नाव सावरण्यापूर्वी त्या माणसाला विचारावे.