उत्तर आलं कुठून?

2019 च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून जो गदारोळ झाला, तो अनेकांना आठवत असेल. ‘तेवीस’बरोबर ‘वीस तीन’ असंही म्हणावं, अशी त्या पुस्तकात सूचना होती. वाद विधिमंडळापर्यंत गेला, आडनावांवर विनोद झाले, मराठी बुडाल्याची हाकाटी झाली. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी शांतपणे बाजू मांडली. आजही प्राथमिक गणिताचा विषय निघाला की चर्चा तिथंच येऊन थांबते: नाव कोणतं योग्य? मूल नेमकं कुठं अडतं, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही आणि आजही विचारत नाही.

झरी जामणी तालुक्यातली दुसरीची एक शिक्षिका कल्पनेत उभी करू. पैनगंगेपलीकडे तेलंगणा, वर्गातल्या काही घरांत मराठी, काहींत कोलामी, काहींत तेलुगू. बाईंनी रात्री बसून प्रश्न काढले आहेत. ‘23 मध्ये दशक किती, एकक किती?’ वर्ग एका सुरात म्हणतो, ‘दोन दशक, तीन एकक.’ मग त्या ‘तेवीस लिहा’ म्हणतात आणि अर्ध्या पाट्यांवर 32 येतं. पुढचे तयार प्रश्न सोपे करून विचारले तर वर्ग गप्प. स्थानिक किंमत कळलेली नाही, असा निष्कर्ष काढून त्या तोच धडा पुन्हा घेतात. पाट्या बदलत नाहीत.

मधल्या सुट्टीआधी त्या प्रश्नांचा कागद बाजूला ठेवतात आणि 32 लिहिणाऱ्या एका मुलाला विचारतात, ‘कसं लिहिलंस, सांग.’ तो म्हणतो, ‘मॅडम, आधी तीन आयकू येते, मंग वीस.’ त्याने ऐकलं त्या क्रमाने लिहिलं. शेजारची मुलगी एकोणतीस 39 लिहिते. तिचं कारण वेगळं: शेवटी ‘तीस’ आलं म्हणून तीन, आणि ‘एकोण’वाल्या आकड्यांत नऊ असतो हे तिने पाठ केलेलं. एकोण म्हणजे एक कमी, हे तिला कोणी सांगितलेलंच नाही. नऊचा नियम तिने स्वतः शोधला, तो खराही आहे. दशक तेवढा चुकला.

आता बाई तुराट्यांचे तुकडे आणतात. दहा-दहाच्या दोन जुड्या आणि तीन सुटे तुकडे ठेवून, आकडा न उच्चारता, ‘किती आहेत ते लिहा’ म्हणतात. मुलगा 23 लिहितो. म्हणजे दशक-एकक त्याला कळतं. अडचण कानाकडून पाटीकडे येताना होती. आणखी एकजण मात्र जुड्या समोर असूनही 5 लिहितो, कारण त्याने दोन जुड्या आणि तीन काड्या मिळून पाच वस्तू मोजल्या. स्थानिक किमतीचा धडा खरोखर हवा होता तो त्याला. 39 वाल्या मुलीसमोर तीन जुड्या ठेवून त्यातली एक काडी काढून घेतली की पुरतं.

‘वीस तीन’च्या समर्थकांचं उत्तर इथं काय असेल? नाव बदला, 32 आपोआप जाईल. क्रम उलटा होण्याचा गोंधळ त्याने कमी होईल, हे मान्य. तेलुगूतही वीस आधी येतो, इंग्रजीतही. पण ‘वीस तीन’ ऐकून 203 लिहिणारं मूलही असतं: वीस म्हणजे 20, पुढे 3. इंग्रजीत शिकणारी मुलं ‘ट्वेंटी थ्री’साठी असं लिहितात, हे शिक्षकांना ठाऊक आहे. क्रम सरळ केला तरी जुडीची कल्पना तयार होत नाही. शिवाय मुकुटबनच्या दुकानात ‘तेवीस रुपये’च ऐकू येणार. आणि माझा मुख्य आक्षेप असा की सुधारणेने चुका कमी झाल्या, तरी जुड्यांना पाच म्हणणारा मुलगा वर्गात तसाच राहील. कदाचित तो ‘वीस तीन’ बरोबर लिहायलाही शिकेल, आणि मग त्याचा गोंधळ दिसेनासाच होईल.

विरोधकांच्या भाषाभिमानाला एकच ओळ पुरे: ‘एकोण’चा अर्थ न सांगता एकोणतीस पाठ करून घेण्यात मराठीचं काही जतन होत नाही. घरच्या भाषेतून शिकवा म्हणणारे बरोबर आहेत, पण घरची भाषाही पाचवाल्या मुलाला एकटी सोडवणार नाही.

म्हणून मला एवढाच फरक महत्त्वाचा वाटतो: काही प्रश्न उत्तर आलं का ते तपासतात, काही प्रश्न उत्तर आलं कुठून ते शोधतात. पहिले रात्री तयार करता येतात, प्रश्नपेढीत भरता येतात, अधिकाऱ्याला दाखवता येतात. दुसरे मुलाने पाटीवर काही लिहिल्याशिवाय सुचतच नाहीत. तयारी निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. जुड्या आधी बांधून ठेवाव्याच लागतात. चाळीसजणांच्या वर्गात प्रत्येकाजवळ बसणं शक्य नसतं हेही खरं. पण सारखं चुकलेल्या पाट्या एकत्र करून प्रत्येक गटातल्या एकाला ‘कसं लिहिलंस’ विचारायला एक तासिका पुरते. पुढच्या वेळी दुसरीचं गणित बदलायला समिती बसेल, तेव्हा तिने आकड्यांच्या नावांआधी 32, 39, 203 आणि 5 लिहिलेल्या पाट्या मागवाव्यात.