हप्त्यांचे पत्र

पेन्शनरांची प्राप्तिकर खात्याला लिहिलेली पत्रे वाचून देण्याचे, सुधारून देण्याचे काम अधूनमधून माझ्याकडे येते. बहुतेक पत्रे एका साच्याची असतात. सुरुवातीला इतक्या वर्षांच्या निष्कलंक सेवेचा उल्लेख, मग रक्तदाब, मधुमेह, पत्नीचे ऑपरेशन, मुलाची गेलेली नोकरी. दीड पान असे भरले की शेवटच्या ओळीत येते, ‘तरी कृपावंत होऊन हप्ते करून द्यावेत, ही नम्र विनंती.’ किती हप्ते, कितीचे, कोणत्या तारखेपासून, याचा पत्रात पत्ता नसतो. लिहिणारा खरा असतो, अडचणही खरी असते. पण हे पत्र हाती घेतलेल्या अधिकाऱ्याला त्यावर सही करता येईल असे त्यात काहीच नसते. दया आली तरी तो आदेश कशाचा काढणार?

हे पत्र दयेचा अर्ज नाही, हे आधी मनात पक्के केले पाहिजे. 1961 च्या प्राप्तिकर कायद्यात कलम 220 चे तिसरे पोटकलम आहे. मागणीची नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत पैसे भरायचे असतात. ती मुदत संपण्याच्या आत करदात्याने अर्ज केला, तर अधिकारी मुदत वाढवू शकतो किंवा हप्ते करून देऊ शकतो. म्हणजे मागण्याची जागा कायद्यानेच ठेवली आहे. 1 एप्रिल 2026 पासून नवा, 2025 चा कायदा लागू होतो आणि कलमांचे आकडे बदलतात. मी येथे जुन्या कायद्याचे आकडे देतो आहे, कारण लोकांच्या हातातल्या मागण्या बहुतांशी जुन्या वर्षांच्या आहेत.

एक उदाहरण धरू. सत्तरीकडे झुकलेले निवृत्त माध्यमिक शिक्षक, कर कापून हातात येणारी पेन्शन महिना 46,000. आर्थिक वर्ष 2022-23 मध्ये त्यांनी गावाकडचा प्लॉट विकला. खरेदीची किंमत महागाई निर्देशांकाप्रमाणे वाढवून धरल्यावर दीर्घ मुदतीचा भांडवली नफा निघाला 9,00,000. त्यावर तेव्हाच्या दराने 20 टक्के, म्हणजे 1,80,000 आणि वर 4 टक्के उपकर 7,200. एकूण 1,87,200. विवरणपत्र वेळेत भरले, नफा त्यात प्रामाणिकपणे दाखवला, पण प्लॉटचे पैसे पत्नीच्या शस्त्रक्रियेत गेलेले होते, त्यामुळे कर भरता आला नाही. काही महिन्यांनी बंगळुरूच्या केंद्राकडून कलम 143(1) ची सूचना आली आणि तिच्यात 1,87,200 ची मागणी. ही सूचना म्हणजेच मागणीची नोटीस असते. पुष्कळांना हे ठाऊक नसते. ते वेगळ्या नोटिशीची वाट पाहत बसतात आणि 30 दिवस निघून जातात.

दिवस निघून जाण्याचे याहून मोठे कारण फार साधे आहे. विवरणपत्र भरून देणाऱ्याने पोर्टलवर स्वतःचाच ई-मेल आणि मोबाइल नंबर दिलेला असतो. सूचना त्याच्या मेलमध्ये पडून राहते आणि गुरुजींना खबर लागते ती पुढच्या वर्षीचा परतावा जुन्या मागणीत वळता झाल्यावर. तेव्हा पहिले काम हे की पोर्टलवर संपर्काचा पत्ता आपला किंवा घरातल्या कुणाचा आहे ना, ते बघणे.

दुसरे काम पत्र लिहिण्याच्या आधीचे. मागणी बरोबर आहे का, हे तपासणे. चुकीच्या मागणीचे हप्ते मागणे म्हणजे नसलेले कर्ज कबूल करणे. साठ वर्षे पूर्ण झालेल्या आणि धंद्याचे उत्पन्न नसलेल्या निवासी करदात्याला कलम 207 प्रमाणे आगाऊ कर भरावा लागत नाही. त्यामुळे आगाऊ कर न भरल्याचे व्याज मागणीत लावले असेल, तर ते काढून घ्यायला सांगायचे, त्याचे हप्ते मागायचे नाहीत. पेन्शनची थकबाकी एकरकमी मिळालेल्यांच्या बाबतीत कलम 89 ची सवलत फॉर्म 10E भरला नाही म्हणून नाकारलेली असते, तिथेही वाट वेगळी, कलम 154 च्या दुरुस्तीची. पोर्टलवर थकीत मागणीला उत्तर देताना ‘मागणी बरोबर आहे’ असा पर्याय असतो. तो एकदा नोंदवला की नंतर असहमती दाखवता येत नाही, म्हणून घाईने त्यावर बोट ठेवू नये.

आमच्या गुरुजींची मागणी बरोबर आहे. आता पत्र. पत्राचा गाभा म्हणजे एक हिशोब. हातात येणारे 46,000. घरखर्च 19,000, दोघांची औषधे 9,500, वीज, गॅस आणि सोसायटी 5,000, आरोग्यविम्याचा महिन्याचा वाटा 2,500. बेरीज 36,000, उरतात 10,000. बँकेत 80,000 ची ठेव आहे. ती लपवायची नाही, कारण अधिकारी विचारणारच आणि खात्याला बँकेची माहिती मिळतेच. ती मोडून 27,200 मुदतीच्या आत भरायचे, उरलेले 52,800 दवाखान्यासाठी राखले आहेत असे सरळ लिहायचे. राहिले 1,60,000. महिन्याला 10,000 प्रमाणे सोळा हप्ते.

व्याज मात्र थांबत नाही, आणि हे पत्र लिहिणाऱ्याने स्वतःची फसवणूक होऊ न देता समजून घ्यावे. हप्ते मंजूर झाले तरी कलम 220(2) चे दरमहा 1 टक्का सरळ व्याज उरलेल्या रकमेवर चालू राहते, अपुरा महिनाही पूर्ण धरून. पहिल्या महिन्याचे 1,600, मग 1,500, असे उतरत शेवटी 100. सगळे मिळून साधारण 13,600. ते सतराव्या आणि अठराव्या महिन्यात भरायचे, असे पत्रातच लिहून टाकावे. वर्षाला 12 टक्के हा दर ठेवीच्या व्याजाहून बराच जास्त आहे. त्यामुळे ज्याची मोठी ठेव पडून आहे त्याने हप्ते मागण्यापेक्षा ठेव मोडावी, हे मी प्रत्येकाला सांगतो. हप्ते त्यांच्यासाठी, ज्यांच्याकडे मोडायला काही उरलेले नाही.

अठरा महिने हा आकडा मी सहज घेतलेला नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची वसुलीबाबतची 1914 क्रमांकाची सूचना आहे. हप्ते उदारपणे द्यावेत आणि सगळी मागणी अठरा महिन्यांच्या आत वसूल व्हावी, असे ती अधिकाऱ्यांना सांगते. तेव्हा पाच वर्षांचे हप्ते मागणारे पत्र पहिल्या वाचनातच बाजूला पडते आणि सोळा अधिक दोन असा प्रस्ताव खात्याच्या स्वतःच्या चौकटीत बसतो. पत्रात हा क्रमांक आणि कलम 220(3) नावानिशी लिहावे. पत्र मराठीत असले तरी चालते. केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडताना अनुक्रमे देशात किंवा त्या राज्यात वापरात असलेली कुठलीही भाषा वापरण्याचा हक्क राज्यघटनेचा अनुच्छेद 350 देतो.

पुढची पायरी क्षुल्लक वाटते आणि तिथेच माणसे अडतात. पैसे भरताना पोर्टलच्या ई-पे टॅक्समध्ये ‘Demand payment as Regular Assessment Tax (400)’ हाच प्रकार निवडायचा, आणि कर निर्धारण वर्ष 2023-24. अनेक जण सवयीने 300 हा स्वयंनिर्धारण कर निवडतात. पैसे सरकारजमा होतात, पण मागणी आहे तशीच उभी राहते. प्रत्येक हप्त्यानंतर पोर्टलवर मागणीचा आकडा उतरला का ते पाहावे, नसेल तर चलनाच्या प्रतीसह अधिकाऱ्याला कळवावे. हप्ता चुकवणे फार महागात पडते. एक हप्ता चुकला की उरलेले सगळे हप्ते त्याच तारखेला थकले असे कलम 220(5) मानते. म्हणून पेन्शन महिनाअखेरीस जमा होत असेल, तर 1 तारखेचा हप्ता मागू नये. चार दिवसांची सवड ठेवावी.

आणि पत्राला उत्तरच आले नाही तर? माझी खरी तक्रार इथे आहे. पोर्टलवर मागणी बरोबर म्हणायची सोय आहे, असहमतीची सोय आहे, पण ‘बरोबर आहे, हप्त्याने भरतो’ असे म्हणायला खिडकी नाही. म्हणून हे पत्र आपल्या विभागाच्या निर्धारण अधिकाऱ्याकडे न्यावे लागते, आवक शिक्का मारून पोच घ्यावी लागते, नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवावे लागते. उत्तर किती दिवसांत द्यायचे याची मुदत या पोटकलमात नाही. दरम्यान 30 दिवस संपले की माणूस कायद्याच्या नजरेत कसूरदार ठरतो. कलम 221 खाली दंडाची नोटीस निघू शकते, कलम 226(3) खाली बँकेला पत्र जाऊन खाते गोठू शकते. सरकारी पेन्शन जप्तीतून वगळलेली आहे हे खरे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 60 तसे सांगते आणि कर वसुलीच्या नियमांनीही ती सूट स्वीकारली आहे. पण पेन्शन खात्यात पडून दुसऱ्या पैशांत मिसळली की तिची ओळख पटवण्याचे काम पेन्शनरावर येते, आणि तोवर औषधाच्या दुकानात कार्ड चालत नाही. हक्क कागदावर शाबूत आणि महिना मात्र गेलेला, अशी ही अवस्था आहे.

हे अपरिहार्य आहे असे मला वाटत नाही, कारण याच सरकारने दुसऱ्या करात हे करून दाखवले आहे. वस्तू आणि सेवा कराच्या कायद्यात कलम 80 आहे. विवरणपत्रात स्वतः कबूल केलेला कर सोडून इतर थकबाकीला जास्तीत जास्त 24 मासिक हप्ते मिळतात. त्यासाठी DRC-20 हा ठरलेला अर्ज आहे आणि त्यावरचा आदेश DRC-21 या ठरलेल्या नमुन्यात येतो. व्यापाऱ्याला फॉर्म आहे, ज्याचे उत्पन्न दरमहा एका ठरलेल्या आकड्यात बँकेत येते त्या पेन्शनराला कोऱ्या कागदावर पत्र. वसुलीच्या दृष्टीने पेन्शनर हा सगळ्यात भरवशाचा देणेकरी. त्याचे उत्पन्न बुडत नाही, तो गाव सोडून जात नाही. त्याच्या अर्जाला फॉर्म, तीस दिवसांत उत्तर आणि उत्तर येईपर्यंत जप्तीला स्थगिती, एवढे तीन नियम केले तर खात्याचे एक रुपयाचेही नुकसान नाही. व्याज तर चालूच असते.

तो दिवस येईपर्यंत, ज्यांच्या हातात आज मागणीची सूचना आहे त्यांनी तिच्यावरची तारीख पाहावी, त्यात 30 दिवस मिळवून कॅलेंडरवर खूण करावी आणि त्या खुणेच्या आत पोच घेतलेले, आकडे असलेले पत्र कार्यालयात पोचवावे. उत्तराची वाट न पाहता पहिला हप्ता भरून टाकावा.