सर्वांस लिहिलेले पत्र

एखादे काम नऊ जणांना एकाच पत्राने सांगितले म्हणजे ते होण्याची शक्यता नऊपट वाढते, अशी आपली एक भाबडी समजूत असते. आणि ई-मेलमुळे नऊ जणांना लिहिणे हे एकाला लिहिण्याइतकेच सोपे झाल्यापासून ती समजूत कचेऱ्यांत, मंडळांत आणि गृहनिर्माण संस्थांत पुरती रूढ झाली आहे. प्रत्यक्षात घडते ते याच्या उलट. जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, शेजारच्या खोलीतील माणसाला झटका आल्याचा आवाज ध्वनियंत्रावरून ऐकणारा विद्यार्थी आपण एकटेच ऐकत आहोत असे समजत असला, तर शंभरातील ८५ जण तो आवाज संपण्यापूर्वीच मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटताच हे प्रमाण ३१ वर आले. पुढे हैफा येथील तंत्रविद्यापीठात ग्रेग बॅरन व एल्दाद येखियाम यांनी एक साधी चौकशी ई-मेलने पाठवून पाहिली, तेव्हा एकट्याच्या नावे गेलेल्या पत्राला, पाच जणांच्या नावे गेलेल्या पत्रापेक्षा, उत्तरे अधिक आली आणि अधिक उपयोगी आली. पाचांपैकी कोणीही दुष्ट नव्हता. प्रत्येकाला उरलेले चौघे दिसत होते, एवढेच.

पुण्यातील एका गृहनिर्माण संस्थेचे २०२५ सालचे उदाहरण घेऊ. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घेणे सहकारी कायद्याप्रमाणे बंधनकारक, आणि सभेची नोटीस सभासदांना पूर्ण चौदा दिवस आधी मिळाली पाहिजे असा उपविधींचा दंडक. यात नोटिशीचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस धरावयाचे नसतात. सभा रविवारी, २१ सप्टेंबरला ठरली. सचिवांनी १८ ऑगस्टला कमिटीच्या नऊही जणांना लिहिले : ‘वार्षिक सभेची तयारी करावयाची आहे. हिशेब, नोटीस व सभागृह यांकडे कृपया सर्वांनी लक्ष घालावे. वेळ थोडा आहे.’ चौघांनी ‘जरूर’ असे उत्तर दिले, एकाने नुसता अंगठा उमटवला, आणि सचिवांना वाटले की काम मार्गी लागले. त्यानंतर सभागृहाची चौकशी दोघांनी परस्पर केली आणि दोघांनीही ते तोंडी राखून ठेवले; हिशेबपत्रके अध्यक्षांच्या सहीवाचून खजिनदारांच्या कपाटात राहिली, कारण सही कोणी आणावयाची हे कोणालाच सांगितलेले नव्हते; आणि नोटीस, जी सर्वांत नाजूक बाब, तिला कोणी हातच लावला नाही. गणेशोत्सव आटोपल्यावर सचिवांनी ती स्वतः रात्री बसून तयार केली व १० सप्टेंबरला पाठवली. चौदा दिवस भरणे अशक्य झाले, सभा २८ तारखेवर गेली, आणि कायद्याची मुदत दोन दिवसांवर येऊन ठेपली.

आता तेच पत्र निराळ्या रीतीने लिहिले असते तर काय झाले असते ते पाहू. समजा, खजिनदार जोशी, कमिटीतील पाटीलबाई आणि सहसचिव साने. सचिवांनी प्रथम तिघांनाही फोन करून कबुली घ्यावी, आणि मग पत्राच्या अगदी आरंभी, प्रस्तावनेच्या आधी, लिहावे : ‘पाटीलबाई, २१ सप्टेंबरसाठी सभागृह आरक्षित करून पावती सर्वांना पाठवावी, शुक्रवार २२ ऑगस्ट, सायंकाळी ६ पर्यंत. जोशीसाहेब, हिशेबपत्रके अध्यक्षांच्या सहीसह सान्यांकडे द्यावीत, सोमवार २५ ऑगस्ट, सायंकाळी ६ पर्यंत. सानेसाहेब, नोटीस सर्व सभासदांना पोहोचवून पोच यादी सचिवांकडे द्यावी, गुरुवार ४ सप्टेंबर, सायंकाळी ६ पर्यंत.’ हिशेब गणपती बसण्याच्या दोन दिवस आधी मागितला, आणि नोटीस ४ तारखेला. कारण कायद्याच्या हिशेबाने तिची अखेरची तारीख ६ सप्टेंबर, आणि त्या दिवशी नेमकी अनंत चतुर्दशी होती. पत्राच्या `To` या रकान्यात ही तीन नावे, आणि ज्यांना केवळ माहिती हवी ते बाकीचे सर्व `Cc` मध्ये. ‘लवकरात लवकर’ हा शब्दप्रयोग कटाक्षाने वर्ज्य, कारण ती कोणाचीच मुदत नसते.

जोशी व साने मिळून हिशेब देतील असे लिहिण्याचा मोह येथे होतो, आणि तो आवरला पाहिजे. दोघांकडे सोपवलेले काम पुन्हा त्याच संभ्रमात जाऊन पडते. मदत कितीही जणांनी करावी, परंतु जाब एकानेच द्यावा. ज्याचे नाव आहे त्याने काम स्वहस्तेच केले पाहिजे असेही नाही. जोशींनी सही आणण्यास मुलाला पाठवले तरी चालेल, परंतु सही झाली की नाही हे विचारावयाचे ते जोशींनाच. आणि काम पुरे झाले, किंवा मुदत टळणार असे दिसू लागले, की त्याच पत्राला सर्वांना जाईल असे एका ओळीचे उत्तर द्यावे. सान्यांना हिशेब २५ ऐवजी २९ तारखेला मिळाला, तर पुढची मुदत बदलते की नाही हे सचिवांनी तेथेच लिहून टाकावे. आपल्या महसुली कचेरीत आलेला प्रत्येक कागद आवक बारनिशीत चढून, त्यावर संबंधित संकलनाची खूण होऊन, एका कारकुनाच्या कार्यविवरण नोंदवहीत दाखल होण्याची जी पद्धत आहे, तिचेही मर्म हेच. विचारणा कोणाकडे करावयाची याविषयी तेथे संदेह नसतो.

या पद्धतीला हरकत येते ती आपल्या संकोचाची. वडीलधाऱ्या सभासदाचे नाव घेऊन, तारीख घालून, काम सांगणे म्हणजे हुकूम सोडणे, असे आपल्याला वाटते, आणि म्हणून ‘सर्वांनी लक्ष घालावे’ या नम्र वाक्याचा आश्रय आपण घेतो. त्या वाक्याची किंमत कोण देतो, हे मात्र नीट पाहावे. निनावी काम कधी हवेत विरून जात नाही; ज्याला स्वस्थ बसवत नाही अशा एखाद्या माणसाच्या अंगावर ते अखेर येते, प्रत्येक वेळी त्याच्याच, आणि तेही रात्री, मुदत टळता टळता. वर्षानुवर्षे असा भार वाहणारी माणसे मंडळांतून मुकाट्याने राजीनामे देतात आणि मागे राहिलेल्यांना त्याचे कारणही कळत नाही. हा अन्याय आहे, आणि सौजन्याच्या वेषात असल्यामुळे तो अधिक घातक आहे. नाव घेणाऱ्यावरही एक बंधन येते, हेही खरे : ज्याला अधिकार नाही, सवड नाही, किंवा जो गावी निघाला आहे, त्याचे नाव त्याला न विचारता घालणे हा तितकाच अन्याय होय, म्हणूनच फोन आधी आणि पत्र नंतर.

प्रत्येक पत्राला हा नियम लागू नाही. अभिप्राय मागावयाचा असेल, शोकवार्ता किंवा अभिनंदन कळवावयाचे असेल, तर सर्वांस लिहिणेच योग्य. परंतु ज्या वाक्यात काही करावयाचे आहे आणि ज्याला कर्ता सापडत नाही, तेथे थांबा. पत्र तसेच ठेवा, यादीतील एका माणसाला फोन करा, त्याला जमेल ती तारीख त्याच्याच तोंडून घ्या, आणि मगच पाठवा.