दुखत नाही म्हणून

लातूरहून नांदेडकडे जाताना अहमदपूरच्या आसपास बालाघाटाचे माळ लागतात. तिथल्या एका गावात सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत मारुतीच्या पारावर तपासणीचं शिबिर लागलं. तिशीच्या पुढच्या सगळ्यांचं रक्त बघायचं होतं. आप्पा शेताकडं निघाले होते, वाटेत बोट टोचून घेतलं आणि तसेच पुढं गेले. यंत्रावर २८६ आकडा आला.

गावातली आशाताई नवीन होती, नुकतंच प्रशिक्षण झालेलं. संध्याकाळी ती आप्पांच्या दारात गेली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "काकू, आप्पांची शुगर २८६ निघाली. गोड बंद करा आणि दवाखान्यात जा." रजिस्टरात नोंद करून ती पुढच्या घराकडं वळली. तिला त्या दिवशी अजून नऊ घरं करायची होती, म्हणून तिला फार दोष देण्यात अर्थ नाही.

आता त्या घरानं काय ऐकलं ते बघा. काकूंनी 'गोड बंद' ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून चहात साखरेऐवजी गूळ टाकायला लागल्या. गूळ घरचा, साखर कारखान्याची. त्यांच्या लेखी गूळ म्हणजे औषधच. थोरल्यानं आकडा ऐकला आणि कंधारच्या मामांना फोन लावला. मामांना दहा वर्षांपासून शुगर. ते म्हणाले, माझ्याकडं गोळ्यांचं एक जास्तीचं पाकीट आहे, पाठवून देतो. आणि आप्पांनी काहीच ऐकलं नाही. "मला काय धाड भरली? बारा तास रानात राबायलो," एवढंच म्हणाले. वरून त्यांच्याकडं एक पक्कं कारणही होतं. त्या दिवशी पारावर येताना त्यांनी बांधावरचं सीताफळ खाल्लं होतं. "हात चिकट होता माझा. यंत्रानं सीताफळाची शुगर मोजली."

महिनाभरानं गटप्रवर्तक बाई फेरीला आल्या. आशाताईनं तक्रार केली, "मी सांगितलं बाई, पण आप्पा ऐकत नाहीत." बाई म्हणाल्या, "चल, दोघी जाऊ. उपकेंद्रातल्या डॉक्टरताईंनाही सोबत घे. आणि यावेळी उंबऱ्याबाहेरून बोलायचं नाही."

त्या गेल्या तेव्हा दुपारची जेवणं व्हायची होती. सीताफळाचं कारण आप्पांनी लगेच पुढं केलं. आशाताई हसली, पण बाई हसल्या नाहीत. "आप्पा, तुमचं म्हणणं बरोबर आहे. बोटाला फळाचा रस, गुळाचा पाक काही लागलेलं असलं की आकडा फुगतो. शिबिरात हात धुऊन घ्यायला हवा होता." मग सुनेनं साबण आणि पाणी दिलं. आप्पांनी हात धुतले आणि पंच्यानं कोरडे केले, कारण ओल्या बोटाचाही भरवसा नसतो. डॉक्टरताईंनी बोट टोचलं. पहिला थेंब कापसानं पुसला, दुसरा पट्टीला लावला. सकाळचा चहा होऊन चार तास झाले होते. आकडा आला २६४.

सीताफळाचा मुद्दा असा निकालात निघाला, आणि आप्पांचा मान राखून निघाला. नुसतं 'काहीतरी कारणं सांगू नका' म्हटलं असतं तर त्यांनी हातच पुढं केला नसता.

काकूंनी विचारलं, "पण २६४ म्हंजे काय? २६४ काय?"

बाईंनी पाच लिटरची कळशी भरून मागवली. "मोठ्या माणसाच्या अंगात साधारण एवढं रक्त असतं. धडधाकट माणसाच्या एवढ्या रक्तात एक चहाचा चमचा साखर असते. आप्पांच्या रक्तात आज जवळपास तीन चमचे आहे." आणि त्यांनी तीन चमचे साखर ताटलीत काढून दाखवली.

काकूंनी ताटलीकडं बघितलं. "एवढीच? मी तर चहात यापेक्षा जास्त टाकते."

हे बाईंना नवीन नव्हतं. ही साखर ताटलीत काढून दाखवली की पुष्कळ घरांत नेमकं हेच होतं, भीती वाटायच्या जागी लोक निश्चिंत होतात. त्यांनी परातीतलं ज्वारीचं पीठ दाखवलं. "एका भाकरीला किती घेता?" सुनेनं दोन्ही हातांची ओंजळ भरून दाखवली, शंभरेक ग्रॅम सहज. "एवढ्या पिठाची पोटात गेल्यावर बारा-पंधरा चमचे साखरच होते. गोड लागत नाही म्हणून कळत नाही. ती सगळी रक्तात येते आणि रक्तातून अंगभर कामाला जाते. कितीही जेवलं तरी थोड्या वेळानं कळशीत पुन्हा चमचाभरच उरावी, हे काम इन्सुलिन करतं. आप्पांचं ते काम मंदावलंय. साखर अंगाला लागत नाही, रक्तातच फिरत राहते. तीन चमच्यांची भीती नाही काकू, ते तीन चमचे रात्रंदिवस, वर्षानुवर्षं तिथंच राहतात, त्याची भीती आहे."

गूळ आणि साखर हा वाद त्यानंतर फार चालला नाही. रक्तात गेल्यावर दोघांत फरक राहत नाही, हे काकूंना एका वाक्यात पटलं. भाकरीचं मात्र अवघड होतं. थोरला म्हणाला, "मग भाकरी बंदच करू." बाई म्हणाल्या, "आणि रानात काय खाऊन राबतील?" आप्पा एका बैठकीला साडेतीन भाकरी आणि पातळ वरण खात. बाईंनी सुनेलाच विचारलं, कारण ताट वाढायची तीच. दोघींनी मिळून ठरवलं: भाकरी दोन, वरण घट्ट, सोबत मुगाची किंवा मटकीची उसळ आणि पालेभाजी भरपूर. ज्वारी चांगलीच, भातापेक्षा बरी. पण ज्वारी खाणाऱ्याला शुगर होत नाही असं जे बोललं जातं, ते खरं नाही.

आप्पा इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होते. "समदं खरं बाई. पण मला काहीच होत नाही ना. दुखत नाही, खुपत नाही."

"रात्री लघवीला किती वेळा उठता?"

"तीनचारदा उठायलो. पण ते वयानं हो."

"पाय दाखवा बरं."

आप्पांनी पाय पुढं केले. बाई म्हणाल्या, "डोळे मिटा. मी हात लावला की कुठं लावला ते सांगा." त्यांनी बोटाच्या टोकानं गुडघ्याला हलकेच स्पर्श केला. "उजवा गुडघा," आप्पा म्हणाले. मग उजव्या अंगठ्याच्या टोकाला बोट टेकवलं. आप्पा गप्प. करंगळीला टेकवलं. गप्प. डाव्या अंगठ्याला. "लावा की बाई," आप्पा डोळे मिटूनच म्हणाले, "मी वाट बघायलो."

सून पुढं सरकली. तिनं सासऱ्यांचा डावा पाय उचलून तळवा उजेडाकडं केला. टाचेच्या वर बाभळीचा काटा मोडलेला होता, भोवती त्वचा पांढरी पडलेली, दाबल्यावर पू आला. काटा कधी मोडला, हे आप्पांना सांगता येईना. त्या पायानं ते सकाळी सोयाबीनच्या राशीपर्यंत चालून आले होते.

बाईंनी आवाज चढवला नाही. "आप्पा, काट्यानं दुखायलाच पाहिजे होतं. वाढलेल्या साखरेनं पायाच्या नसा मारल्यात, म्हणून दुखलं नाही. हे एका महिन्यातलं नाही, तुमची शुगर बऱ्याच वर्षांची असणार. डोळ्यांच्या पडद्याचं आणि मूत्रपिंडाचंही असंच असतं, बरंच बिघडेपर्यंत कळत नाही."

निघताना बाईंनी आशाताईला चिठ्ठी लिहायला सांगितली. सून सातवी शिकलेली, तिला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात. चिठ्ठी अशी:

"आप्पांच्या रक्तात साखर जास्त दिसली आहे. बोटाच्या रक्ताचा आकडा इशारा असतो, पक्कं निदान डॉक्टर करतील. पायात पू आहे म्हणून उद्याच सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात यायचं. रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही, सकाळचा चहासुद्धा नाही, पाणी चालेल. भाकरी बांधून आणायची. पहिलं रक्त दिल्यावर जेवायचं, जेवायला बसल्यापासून दोन तासांनी दुसरं रक्त द्यायचं. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, जेवणानंतर २०० किंवा जास्त आलं तर मधुमेह. मामांच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत; काही गोळ्यांनी साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडतो. काटा घरी उकरायचा नाही. उलट्या, पोटदुखी, धाप किंवा गुंगी आली तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करायचा."

आशाताईनं चिठ्ठी सुनेकडून मोठ्यानं वाचून घेतली. 'जेवायला बसल्यापासून' या शब्दांवर सून अडली, तिला वाटलं होतं जेवण संपल्यापासून. ते तिथंच दुरुस्त झालं.

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी १७२ आणि जेवणानंतर २९१ आलं. काटा काढला, जखम धुतली, अँटिबायोटिक दिलं. मूत्रपिंडाची तपासणी करून मेटफॉर्मिनची गोळी सुरू झाली, ५०० ची, दोन वेळा, जेवणानंतर. पहिले आठ दिवस आप्पांचं पोट बिघडलं आणि त्यांनी गोळी सोडायचं ठरवलं. आशाताई आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे चौथ्या दिवशी आली होती. पोट सहसा आपोआप बसतं, हे काकूंना माहीत होतं, म्हणून गोळी टिकली. जखम भरायला सात आठवडे लागले. रोज रात्री सून तळवे बघायची, आणि आप्पा रानात चप्पल घालायला लागले.

तीन महिन्यांनी उपाशीपोटी ११८ आलं. आप्पा खूश. "उतरली की. आता गोळी कशाला?"

यावेळी आशाताई बोलायच्या आत काकूच म्हणाल्या, "गोळी हाय म्हणून उतरली. सोडा, मंग बघा."

थोरला ओसरीवर मोबाईल बघत बसला होता. वय ३४. अहमदपुरात खताच्या दुकानात दिवसभर बसून काम. आशाताईनं त्याच्या नावाचा, धोका मोजायचा फॉर्म काढला. वयाचा एक गुण. टेपनं कंबर मोजली, ९६ सेंटीमीटर, आणखी एक. गुटखा रोजचा, दोन. दिवसभर बैठं काम, एक. वडिलांना मधुमेह, दोन. बेरीज सात झाली. चारच्या वर गेलं की आधी बोलवायचं असतं.

"मला काही होत नाही, वहिनी," थोरला म्हणाला.

आप्पांनी पाय त्याच्याकडं लांब केला. "इथं हात लाव. लावला का?"

थोरल्यानं हात लावलेलाच होता.

"मंगळवारी उपकेंद्रात," आशाताई फॉर्मवर लिहीत म्हणाली. "दुकानात जायच्या आधी या, आणि सकाळी काही खाऊ नका."